चौकट एकच, फोटो निरनिराळे

कार्डातल्या फोटोला दोन आकार असतात. एक फोटोचा स्वतःचा, कॅमेऱ्यातून आलेला. दुसरा पानावर त्याच्यासाठी राखलेल्या चौकटीचा. दोन्हींचे रुंदी-उंचीचे प्रमाण सारखे असेल तर काही करावे लागत नाही. ते जुळत नसेल, तर फोटो ताणून चौकटीत बसवावा लागतो, आखडून बाजूला रिकामी जागा सोडावी लागते किंवा जास्तीचा भाग कातरावा लागतो. रुंदी आणि उंची दोन्ही ठरवून दिल्या आणि पुढे काही सांगितले नाही, तर ब्राउझर फोटो ताणून मोकळा होतो. याद्यांमधल्या पसरट चेहऱ्यांचे आणि लंबगोल झालेल्या थाळ्यांचे मूळ इथे आहे.

सीएसएसमध्ये या दोन आकारांसाठी दोन वेगळे गुणधर्म आहेत. `aspect-ratio` चौकटीचे प्रमाण ठरवतो, तर `object-fit` त्या चौकटीत फोटो कसा बसवायचा ते सांगतो. एकाचे काम दुसरा करत नाही, आणि बहुतेक गोंधळ दोघांची गल्लत झाल्यामुळेच होतो.

एखाद्या जिल्ह्यातल्या देवळांची यादी करायची आहे असे धरू. प्रत्येक देवळाचे एक कार्ड, वर फोटो, खाली नाव आणि दोन ओळी. कार्डाची रुंदी ३२० पिक्सेल आणि फोटोची चौकट ४:३, म्हणजे उंची २४०. फोटो मात्र निरनिराळ्या लोकांनी पाठवलेले. एक मोबाइल उभा धरून काढलेला दीपमाळेचा, ३०२४ रुंद आणि ४०३२ उंच. दुसरा नदीकाठच्या घाटाचा, आडवा, १६०० बाय ९००. त्यासाठी लागणारे नियम एवढेच:

```css
.card img {
  display: block;
  width: 100%;
  height: auto;
  aspect-ratio: 4 / 3;
  object-fit: cover;
}
```

शेवटची ओळ काढून टाकली तर काय होते ते आधी पाहावे. चौकट ३२० बाय २४०च राहते, पण दीपमाळेचा फोटो रुंदीला जेवढा आखडतो त्याहून उंचीला बराच जास्त आखडतो. हिशेब केला तर प्रत्येक वस्तू तिच्या उंचीच्या मानाने जवळजवळ पावणेदोन पट रुंद दिसते. सडपातळ दीपमाळ बुटक्या रांजणासारखी होते आणि शेजारी उभा असलेला माणूस ओळखू येत नाही.

`cover` लिहिल्यावर फोटोचे स्वतःचे प्रमाण अबाधित राहते. चौकट कुठेही उघडी पडणार नाही इतपतच फोटो लहान किंवा मोठा केला जातो आणि चौकटीबाहेर गेलेला भाग झाकला जातो. दीपमाळेचा फोटो ३२० रुंदीला आणला की त्याची उंची सुमारे ४२७ होते. चौकट २४०चीच असल्यामुळे सुमारे १८७ पिक्सेल जास्तीचे ठरतात आणि ते वरून व खालून निम्मे निम्मे कापले जातात. घाटाच्या फोटोचे उलटे होते. त्याची उंची २४०ला आणली की रुंदी सुमारे ४२७ भरते, म्हणून डावीउजवीकडून सुमारे ५३-५३ पिक्सेल जातात. यंत्राच्या चाकासारखी गोल वस्तू फोटोत असली तरी ती गोलच राहते. फार तर तिची एखादी कड चौकटीबाहेर जाते.

किती फोटो शिल्लक राहणार हे आधीच काढता येते. रुंदीला उंचीने भागून फोटोचे आणि चौकटीचे प्रमाण काढायचे, आणि लहान आकड्याला मोठ्याने भागायचे. उभ्या फोटोचे प्रमाण ०.७५, चौकटीचे १.३३, भागाकार सुमारे ०.५६. म्हणजे दीपमाळेच्या फोटोतला जेमतेम निम्म्याहून थोडा अधिक भाग दिसणार. घाटाच्या फोटोचा तीन चतुर्थांश भाग दिसतो. चौकट ४:३ऐवजी चौरस केली तर उभ्या फोटोचा तीन चतुर्थांश भाग वाचतो, पण घाटाचा ०.५६वर येतो. प्रमाण निवडताना म्हणूनच आपल्याकडे उभे फोटो जास्त आहेत की आडवे, हे मोजून पाहावे. केवळ १६:९ आधुनिक दिसते म्हणून ते निवडणाऱ्याला उभ्या फोटोंचे निम्म्याहून जास्त क्षेत्र गमवावे लागते.

मधोमध कातरण नेहमीच सोयीचे नसते. दीपमाळेच्या फोटोत शेंडा अगदी वर असेल तर नेमका तोच कापला जातो. त्यासाठी `object-position` आहे. त्याची मुळातली किंमत `50% 50%`, म्हणजे दोन्ही दिशांनी मध्य. `50% 0%` लिहिले की फोटोची वरची कड चौकटीच्या वरच्या कडेला टेकते आणि सगळी काट खालून होते. `50% 20%` लिहिले तर जास्तीच्या १८७ पिक्सेलांपैकी पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे ३७, वरून जातो आणि उरलेले सुमारे १५० खालून. टक्केवारी फोटोची नसून जास्तीच्या भागाची वाटणी असते, हे लक्षात आले की आकडा अंदाजाने बदलत बसावे लागत नाही. या फोटोत आडवे जास्तीचे काही उरतच नसल्यामुळे पहिला आकडा कितीही बदलला तरी चित्र जागचे हलत नाही. गुणधर्म चालत नाही असा समज होतो तो यामुळेच.

तरीही पूर्ण दीपमाळ या चौकटीत मावत नसेल तर `cover`चा आग्रह सोडावा. `object-fit: contain` लिहिले की अख्खा फोटो दिसतो: उंची २४०, रुंदी १८०, आणि दोन्ही बाजूंना ७०-७० पिक्सेल मोकळे. फोटोला पार्श्वभूमीचा रंग दिला तर ती जागा ओसाड वाटत नाही. देवळाच्या किंवा माणसाच्या फोटोला `cover` शोभते. पुस्तकाचे मुखपृष्ठ, औषधाचे लेबल, संस्थेचे बोधचिन्ह यांना मात्र `contain`च योग्य, कारण तिथे कापलेले अक्षर म्हणजे चुकीची माहिती.

वरच्या नियमांतली `height: auto` ही ओळ अनेकांना फालतू वाटते आणि ती गाळली जाते. फोटोच्या टॅगमध्ये `width="3024" height="4032"` असे आकडे लिहिलेले असतात, आणि ते लिहिणे चांगलेही असते. पण ब्राउझर त्या उंचीला ठरवून दिलेली उंची मानतो. रुंदी ठरली, उंचीही ठरली, मग `aspect-ratio`ला ठरवायला काही उरत नाही. परिणामी ३२० पिक्सेल रुंद आणि ४०३२ पिक्सेल उंच असा खांब पानावर उभा राहतो. `auto` लिहिल्याने उंची मोकळी होते आणि प्रमाणाला काम मिळते. `display: block`चे कारण साधे आहे: फोटो मुळात ओळीतल्या अक्षरासारखा वागतो, आणि ती ओळ न टाकल्यास त्याच्या खाली काही पिक्सेलांची फट राहते.

फोटो डावीकडे आणि मजकूर उजवीकडे अशा आडव्या कार्डात वेगळाच घोळ होतो. कार्ड फ्लेक्स पद्धतीने मांडले असेल आणि फोटोची रुंदी १२० असेल, तर ४:३ प्रमाणे उंची ९० अपेक्षित असते. पण फ्लेक्समधल्या शेजाऱ्यांची उंची सारखी करण्याची ब्राउझरला सवय असते. मजकूर १६० पिक्सेल उंच झाला की फोटोची चौकटही १६०ची होते. `cover` असल्यामुळे चित्र ताणलेले दिसत नाही, म्हणून चूक लवकर लक्षातही येत नाही. फक्त प्रत्येक कार्डात चौकट वेगळी दिसते. फोटोला `align-self: flex-start` दिले की ती ९०वर परत येते.

फोटोभोवती एक वेगळा डबा ठेवून प्रमाण त्या डब्याला देण्याचीही पद्धत आहे, विशेषतः फोटोवर किमतीची पट्टी चिकटवायची असेल तेव्हा. तिथे दोन गोष्टी पाळाव्या लागतात. `object-fit` डब्याला देऊन उपयोग नाही, ते `img`लाच द्यावे लागते, आणि `img`ची रुंदी-उंची दोन्ही `100%` करावी लागतात. दुसरे म्हणजे डब्यासाठी `aspect-ratio` हा हुकूम नसून विनंती असते. आतला मजकूर जास्त उंच निघाला तर डबा प्रमाण सोडून वाढतो. तसे नको असेल तर डब्याला `overflow: hidden` द्यावे.

चूक नेमकी कुठे आहे हे ब्राउझरच्या तपासणी साधनात पटकन कळते. फोटो निवडून त्याच्या चौकटीची प्रत्यक्ष रुंदी-उंची पाहायची. आकडे ३२० बाय २४० असून चित्र चेपलेले असेल, तर दोष `object-fit`चा. आकडेच वेगळे असतील तर ते बाजूला ठेवून उंची कोण ठरवते आहे ते शोधायचे: टॅगमधला आकडा, फ्लेक्स की एखादी `min-height`.

ही सोय सर्व मोठ्या ब्राउझरांत २०२१ साली आली. जानेवारीत क्रोम ८८, जूनमध्ये फायरफॉक्स ८९ आणि सप्टेंबरमध्ये सफारी १५. त्याआधी एक आडवाट वापरली जाई. टक्क्यांत दिलेले `padding-top` उंचीवर नव्हे तर बाहेरच्या डब्याच्या रुंदीवर मोजले जाते, याचा फायदा घेऊन रिकाम्या डब्याला ४:३साठी ७५ टक्के किंवा १६:९साठी ५६.२५ टक्के पॅडिंग देत आणि फोटो त्यावर तरंगत ठेवत. जुन्या साइटच्या कोडमध्ये ५६.२५ हा आकडा दिसला तर तो कोणाची लहर नसून १६:९चा भागाकार आहे. नव्या पद्धतीत चौकटीची जागा फोटो उतरण्याआधीच राखली जाते, त्यामुळे वाचत असताना मजकूर अचानक खाली सरकत नाही, आणि त्यासाठी पॅडिंगचा खटाटोपही लागत नाही.

हे कातरणे फक्त दिसण्यापुरते असते. ३२० पिक्सेलांच्या कार्डासाठीही ३०२४ बाय ४०३२चा पूर्ण फोटो उतरवला जातो; दुप्पट घनतेच्या पडद्यांसाठीही ६४० पिक्सेल रुंदीची प्रत पुरली असती, म्हणून अशी लहान प्रत वेगळी बनवून ठेवावी लागते. उलट २०० पिक्सेलांचा फोटो `cover`ने मोठा केला की तो धूसर होतो, त्यावर सीएसएसकडे इलाज नाही. आणि चौकटीबाहेर गेलेला भाग नष्ट होत नाही. देवळासमोर उभ्या गाडीची नंबरपाटी कार्डात दिसत नसली, तरी फोटो नव्या टॅबमध्ये उघडताच ती समोर येते. ती खरोखर लपवायची असेल तर फोटो चढवण्यापूर्वीच कातरावा लागतो.