वेदनेची नोंदवही

केरळात कोझिकोड येथे 1993 साली वेदनाशमन आणि उपशामक उपचारांचे केंद्र सुरू झाले. त्यानंतर तेथे रुजलेल्या पद्धतीत कर्करोगाच्या रुग्णाची बरीचशी शुश्रूषा घरीच होते. परिचारिका अधूनमधून भेट देते. एरवी मॉर्फिनच्या गोळ्या घरचे माणूसच देते. अशा वेळी मात्रा पुरेशी आहे की नाही, हे कळण्याचे मुख्य साधन म्हणजे एक साधी वही.

मॉर्फिनच्या साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. म्हणून दुखू लागण्याची वाट न पाहता ती दर चार तासांनी घड्याळाप्रमाणे द्यावयाची असते. सकाळी 6, 10, दुपारी 2, सायंकाळी 6 आणि रात्री 10 या पाच वेळा ठरविल्या जातात. रात्री 10 ची मात्रा दुप्पट देतात, म्हणजे पहाटे 2 वाजता झोपमोड होत नाही. मध्येच वेदना उसळल्यास एका वेळेच्या मात्रेइतकीच जादा मात्रा देता येते. पुढची नेमाची गोळी मात्र तिच्या वेळेवरच द्यावी. सावकाश विरघळणाऱ्या, बारा तासांच्या गोळ्यांना हा हिशेब लागू पडत नाही. त्या तोडू किंवा कुटू नयेत.

वहीत पाच रकाने पुरतात: वेळ, दिलेली गोळी, वेदनेचा अंक, त्या वेळी रुग्ण काय करीत होता, आणि शौचास झाले की नाही. शून्य म्हणजे वेदना नाही, दहा म्हणजे असह्य वेदना. ज्या वृद्धास असे अंक रुचत नाहीत, त्यास 'रुपयात किती आणे दुखते?' असे विचारले तरी काम भागते.

समजा, एका रुग्णास 10 मिलिग्रॅमची मात्रा सुरू केली आहे. रात्रीची दुप्पट मात्रा धरून दिवसाचे 60 मिलिग्रॅम होतात. वहीवरून असे दिसते की, गोळीनंतर तासाभराने वेदना दोनवर उतरते, पण तिसऱ्या तासाला सातवर चढते. सकाळी 9, दुपारी 1 आणि सायंकाळी 5 वाजता रुग्ण स्वस्थ पडून असतानाही जादा गोळी द्यावी लागली. याचा अर्थ औषध लागू पडते, पण अपुरे आहे. जादा 30 मिलिग्रॅम मिळवून बेरीज 90 होते. तिचे सहा भाग केले की 15 मिलिग्रॅम ही नवी मात्रा निघते आणि रात्री 30. जादा मात्राही आता 15 होते. ही वाढ वही पाहून डॉक्टरने ठरवावयाची असते, घरच्यांनी नव्हे.

हीच तीन जादा मात्रांची नोंद जर 'अंघोळ', 'जखम धुणे', 'कूस बदलणे' अशा शब्दांपुढे असती, तर निष्कर्ष वेगळा निघाला असता. तेव्हा नेमाची मात्रा वाढविल्यास रुग्ण उरलेला दिवसभर गुंगीत राहील. त्यापेक्षा ते काम करण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी जादा गोळी देणे इष्ट.

पहिल्या काही दिवसांतील मळमळ आणि झापड बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र मॉर्फिन चालू असेतो हटत नाही, कारण या औषधाने आतड्याची हालचाल मंदावते आणि मळातील पाणी शोषले जाते. म्हणून पहिल्या गोळीच्या दिवसापासूनच रेचक सुरू करावे लागते: बहुधा बिसाकोडिलच्या 5 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रात्री, किंवा सोनामुखीची गोळी. इसबगोल येथे उपयोगी नाही. पाणी कमी पिणाऱ्या रुग्णाच्या मंद आतड्यात ते साचून अडथळाच वाढवते.

शौचाचा रकाना तीन दिवस कोरा राहिल्यास परिचारिकेस कळवावे. चौथ्या-पाचव्या दिवशी एकाएकी पातळ, थोडे थोडे जुलाब होऊ लागले की घरचे लोक रेचक बंद करतात. पुष्कळदा ती चूक असते: खाली कठीण मळाचा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. वहीतील आधीचे कोरे दिवस ही शंका दाखवून देतात. परिचारिका बोटाने तपासून खात्री करते आणि बस्ती देऊन मार्ग मोकळा करते. पोट फुगून कळा येत असतील आणि उलट्याही होत असतील, तर रेचक न देता डॉक्टरास त्वरित कळवावे.

रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास फार मंद झाला असेल किंवा हातपाय झटके देत असतील, तर पुढची गोळी न देता ताबडतोब वैद्यकीय मदत मिळवावी. मूत्रपिंडे नीट काम करीत नसल्यास औषध शरीरात साचून ठरलेल्या मात्रेनेही असे घडते. म्हणून लघवी कमी झाल्याची नोंदही त्याच वहीत करावी, आणि ती दिसताच डॉक्टरास दाखवावी.