बिल क्रमांक ४१ चं स्मरणपत्र

पैसे मागायची वेळ आली की आपल्याकडे चांगले बोलके लोकही अडखळतात. 'जरा त्या बिलाचं बघता का', 'तुमच्या सवडीनं', 'घाई काहीच नाही' अशी वाक्यं लिहिली जातात आणि समोरचा ती शब्दशः खरी धरतो. घाई नाही ना? मग तोही थांबतो. चार महिने गेले की हाच माणूस एका रात्री चिडून 'कोर्टात खेचीन' असा मेसेज पाठवतो आणि सकाळी पस्तावतो. मवाळ मेसेज आणि धमकी या दोन्हींच्या मध्ये एक पत्र असतं. ते बहुतेक जण लिहीतच नाहीत.

लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहिताना अशी पत्रं मी बरीच पाहिली. त्यातलं एक पुण्यातल्या एका ग्राफिक डिझायनर बाईंचं. एका मसाला कंपनीसाठी त्यांनी बावीस पाकिटांची डिझाइनं केली होती. बिल १२ जानेवारीचं होतं. कामाचे १,००,००० आणि १८ टक्के जीएसटी धरून १,१८,००० रुपये. मुदत तीस दिवसांची, म्हणजे ११ फेब्रुवारीपर्यंत. जून उजाडला तरी पैसे नव्हते. फोन केला की उत्तरं ठरलेली : साहेब बाहेरगावी आहेत, अकाउंट्सला सांगितलंय, पुढच्या आठवड्यात बघतो. जीएसटीचे १८,००० रुपये मात्र बाईंनी केव्हाच स्वतःच्या खिशातून भरले होते, कारण गिऱ्हाइकानं पैसे देवोत न देवोत, बिल फाडलं की कर भरावाच लागतो.

त्यांनी पत्राचा मसुदा दाखवला. त्यात मुलाच्या फीचा उल्लेख होता, ऑफिसच्या भाड्याचा होता. मी तो सगळा खोडायला लावला. मोठ्या कंपनीत पत्र वाचतो तो अकाउंट्समधला माणूस. त्याला तुमची दया आली तरी दयेच्या नावानं व्हाउचर काढता येत नाही. साहेबांपुढे फाइल ठेवताना त्याला सांगता येईल असं कारण त्याच्या हाती द्यावं लागतं, आणि ते कारण कंपनीच्या फायद्याचं असावं लागतं.

पण त्याआधी बिल अडलंय कुठे, हे शोधायचं. कित्येकदा बिलावर ऑर्डर क्रमांक नसतो किंवा जीएसटी क्रमांकात एक अक्षर चुकलेलं असतं. बिल कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतं आणि कळवण्याची तसदी कुणी घेत नाही. दुसरी शक्यता अशी की काम पसंत नाही, पण तोंडावर बोलायचं नाही. तिसरी, कंपनीकडे पैसेच नाहीत. चौथी, आहेत पण द्यायचे नाहीत. हे ओळखायला एक साधी खूण आहे. आयकराच्या साइटवर आपला फॉर्म २६एएस उघडून पाहायचा. कंपनी बिल वहीत जमा करते किंवा पैसे देते, यातलं जे आधी घडेल तेव्हा तिला टीडीएस कापावा लागतो. जानेवारी ते मार्चचं टीडीएस विवरणपत्र मे अखेरपर्यंत भरायचं असतं, त्यामुळे जूनमध्ये ते दिसू लागतं. बाईंच्या नावावर १०,००० रुपये दिसले. म्हणजे बिल हरवलेलं नव्हतं, वहीत चढलेलं होतं. 'बिल मिळालंच नाही' हे म्हणायची सोय आता कंपनीला उरली नाही.

२० जूनला गेलेलं पत्र असं होतं :

विषय : बिल क्र. ४१, दि. १२ जानेवारी. शिल्लक रु. १,०८,०००

सप्रेम नमस्कार,
मसाल्याच्या बावीस पाकिटांच्या डिझाइनचे वरील बिल ११ फेब्रुवारी रोजी देय होते. त्यास आज १२९ दिवस झाले. आपण कापलेला रु. १०,००० टीडीएस माझ्या खाती जमा दिसतो, त्याबद्दल आभार. उर्वरित रु. १,०८,००० येणे आहे.
बिलाच्या तारखेपासून १८० दिवस ११ जुलै रोजी पूर्ण होतात. तोवर रक्कम न दिल्यास या बिलावर घेतलेले रु. १८,००० चे जीएसटी क्रेडिट आपणास व्याजासह परत करावे लागेल. ते टळावे यासाठी ४ जुलैपर्यंत रक्कम जमा करावी, ही विनंती.
कामाबाबत अथवा बिलाबाबत हरकत असल्यास २७ जूनपर्यंत लेखी कळवावे. माझा व्यवसाय सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेला आहे. विलंबावरील व्याजाचा हक्क मी राखून ठेवत आहे.
बिल, ऑर्डर, डिझाइन मंजूर केल्याची आपली ईमेल व बँकेचा तपशील सोबत जोडला आहे.
कळावे.

या पत्रात तक्रारीचा एकही शब्द नाही. रक्कम एकच आहे, पैसे द्यायची तारीखही एकच. '१८० दिवस' हा पत्राचा कणा. जीएसटीच्या नियमानुसार तेवढ्या दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला घेतलेलं क्रेडिट उलटवावं लागतं. पैसे दिल्यावर ते परत घेता येतं, पण व्याज गेलं ते गेलं. अकाउंट्समधल्या माणसाला हे पक्कं ठाऊक असतं. फक्त त्याच्या ढिगातलं तुमचं बिल त्या रेषेजवळ आलंय, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

व्याजाची ओळ मुद्दाम शेवटी आणि मोघम ठेवली. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार करारात काहीही लिहिलं तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपलीकडे मुदत घेता येत नाही, आणि लेखी करारच नसेल तर पंधराच दिवस मिळतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं. बँक दर साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा टक्के होतात, म्हणजे या बिलावर महिन्याला सुमारे दीड हजार रुपये. हे सगळं पहिल्याच पत्रात उगाळलं की पत्र वकिलाकडे जातं आणि पेमेंट आणखी लांबतं, असा माझा अनुभव आहे. ४ जुलै कोरडी गेली असती तर दुसऱ्या पत्रात व्याजाचा आकडा आला असता आणि त्यानंतर सरकारी पोर्टलवर अर्ज. तिथून प्रकरण राज्याच्या सुविधा परिषदेकडे जातं. परिषदेचा निवाडा विरोधात गेला आणि खरेदीदाराला तो कोर्टात आव्हान द्यायचा असेल, तर निवाड्यातल्या रकमेचा ७५ टक्के हिस्सा आधी भरावा लागतो.

या कायद्याच्या मर्यादाही माहीत हव्यात. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण उशिराच्या पैशांचं हे संरक्षण मिळत नाही. नोंदणी कामाच्या आधीची असावी, भांडण सुरू झाल्यावर केलेली उपयोगी पडेल असं धरून चालू नये. आणि कंपनी बुडीतच निघाली असेल तर कितीही नेटकं पत्र कागदच राहतं.

एक संधी मात्र बाईंनी आधी हुकवली होती. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदत उलटून ३१ मार्चला थकलेलं असेल, तर त्या वर्षीच्या आयकरात खरेदीदाराला तो खर्च वजा करता येत नाही, ज्या वर्षी पैसे देईल त्या वर्षी मिळतो. ही तरतूद २०२४-२५ च्या कर आकारणी वर्षापासून लागू झाली. हेच पत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात, उद्यम क्रमांक ठळक टाकून गेलं असतं, तर बहुधा जून उजाडलाच नसता.

आणखी एक खबरदारी. फोनवर मिळालेलं आश्वासन त्याच दिवशी ईमेलनं लिहून पाठवावं : 'आज आपण २५ तारखेचं बोललात, त्याप्रमाणे वाट पाहते.' वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. त्या मुदतीत समोरच्यानं सही करून शिल्लक मान्य केली तर तीन वर्षं त्या दिवसापासून नव्यानं मोजली जातात. म्हणून वर्षाअखेरीला खातेउताऱ्यावर 'शिल्लक मान्य' अशी सही मागून घ्यावी. ती द्यायला सहसा कुणी कुरकुरत नाही.

२६ जूनला कंपनीतून फोन आला, बँक तपशील पुन्हा एकदा पाठवा म्हणून. ३ जुलैला १,०८,००० रुपये जमा झाले. व्याज बाईंनी मागितलं नाही. दिवाळीच्या पाकिटांचं काम आलं तेव्हा निम्मी रक्कम आगाऊ घेतली आणि मगच पेन्सिल उचलली.