तहसीलच्या कपाटातला शेतरस्ता

या गोष्टीतला कारकून काल्पनिक आहे. त्याच्या टेबलावर आलेलं प्रकरण मात्र राज्यातल्या कुठल्याही तहसील कार्यालयात आज सापडेल.

मुलगा पंचविशीतला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता महसूल सहायक म्हणून लागला आणि त्याच्याकडे जमिनीच्या दाव्यांचं संकलन आलं. महसूल खात्यात टेबलाला संकलन म्हणतात. चार्ज घेताना आधीच्या कारकुनानं किल्ली, बारनिशीचं रजिस्टर आणि एक कपाट त्याच्या हवाली केलं आणि तो निवडणूक शाखेत निघून गेला. कपाटात लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे होते. त्यातल्या एका फाइलचा मालक तिसऱ्या दिवशी समोर येऊन उभा राहिला. साठीतला शेतकरी. गट नंबर 112 मध्ये त्याची दोन एकर जमीन, आणि तिथं जायला रस्ता नाही. अर्ज करून वर्ष होत आलं होतं.

"साहेब सही करंनात का?" त्यानं विचारलं.

पोरालाही तसंच वाटलं होतं. निर्णय तहसीलदारांचा, म्हणजे उशीरही त्यांचाच. त्यानं फाइल उघडली तेव्हा कळलं की ती साहेबांपुढं निकालासाठी एकदाही गेलेली नाही.

पहिलं पान होतं अर्जाचं. त्यात लिहिलं होतं, "माझ्या शेताचा रस्ता अडविला आहे, तरी मला रस्ता मिळावा." वाचणाऱ्याला यात काही वावगं दिसणार नाही. अव्वल कारकून मॅडमनी मात्र पेन्सिलनं त्याखाली रेघ मारली. "आधी हे ठरव, तो रस्ता मागतोय की रस्ता मोकळा करून मागतोय?"

फरक शब्दांचा नाही, कायद्याचा आहे. रस्ताच नसेल आणि बांधावरून नव्यानं हवा असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 143 लागतं. त्यात शेजारच्या गटांच्या हद्दीवरून जाण्यायेण्याचा हक्क द्यायचा की नाही, हे तहसीलदार चौकशी करून ठरवतात. वहिवाटीचा रस्ता आधीपासून होता आणि कुणीतरी चर खोदून किंवा काटेरी कुंपण घालून तो बंद केला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली दावा करायचा असतो. तोही अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाटाही पुढं वेगळ्या होतात. 143 च्या आदेशावर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं किंवा वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. मामलेदार न्यायालयाच्या निकालावर अपील नाही, फक्त फेरतपासणी.

आपल्या शेतकऱ्याच्या अर्जात दोन्ही होतं. आधीच्या कारकुनानं कलमाची जागा कोरी ठेवून फाइल तशीच पुढं ढकलली होती. नव्या पोरानं शेतकऱ्याला बसवून विचारलं. कळलं की पूर्वी ते गट 110 च्या मालकाच्या शेतातून, त्याच्या मर्जीनं जायचे. ठरलेली वाट अशी कधीच नव्हती. मग मर्जी फिरली. म्हणजे प्रकरण 143 चं. एवढं ठरायला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं आधी कुणी काढली नव्हती.

फाइल तरीही पुढं सरकेना, कारण आता नोटिसा काढायच्या होत्या. ज्यांच्या बांधावरून रस्ता जाणार, त्या सगळ्यांना म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. गट 109, 110 आणि 111 चे सातबारे काढले. 111 वर पाच नावं होती आणि त्यातला पहिला खातेदार वारलेला होता. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं, सातबाऱ्याला नव्हतं. वारसांनी नोंदच केली नव्हती.

माझ्या मते महसूल दाव्यांमधल्या उशिराचं सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी बोललं जाणारं कारण हेच आहे. मेलेल्या माणसाच्या नावे काढलेली नोटीस कायद्यापुढं टिकत नाही. तशी नोटीस काढून दिलेला आदेश अपिलात हमखास पडतो, आणि प्रांत कार्यालयातून फाइल परत येते, वर एक ओळ घेऊन: "सर्व हितसंबंधितांना संधी देऊन फेरचौकशी करावी." म्हणजे दीड-दोन वर्षं पाण्यात. म्हणून आधी वारस कोण ते शोधायचं आणि त्यांना दाव्यात घ्यायचं. वारसांनी फेरफार घालायचा म्हटलं तर तलाठ्याकडे अर्ज, गाव नमुना 6 मध्ये नोंद, नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस आणि मग मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणीकरण. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात; गाव अजून तलाठीच म्हणतं.

इथं वारसांपैकी एक बहीण लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात, एक भाऊ पुण्याला. पुण्याची रजिस्टर नोटीस "सदर इसम या पत्त्यावर राहत नाही" असा शेरा घेऊन परत आली. मग कोतवालामार्फत गावातल्या घरावर नोटीस चिकटवायची आणि त्याचा पंचनामा करायचा. यातली एकही पायरी कुणी त्रास द्यायला शोधलेली नाही. त्या बहिणीला न विचारता तिच्या बांधावरून रस्ता दिला असता, तर तिनं काय म्हटलं असतं?

इथवर वाचून कुणाला वाटेल की सरकारी खात्यात उशिराला आळा घालणारा कायदाच नाही. आहे. 2005 साली राज्यानं बदल्यांचं विनियमन आणि विलंबाला प्रतिबंध करणारा अधिनियम केला. त्याप्रमाणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, आणि इतर विभागाकडं पाठवायची गरज नसलेलं प्रकरण 45 दिवसांत निकाली निघावं. पोरानं हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्यानं मॅडमना विचारलं तर त्यांनी पुढचं कलम वाचायला सांगितलं. अर्धन्यायिक प्रकरणं या मुदतीतून वगळलेली आहेत. शेतरस्त्याचा दावा अर्धन्यायिक. सामान्य माणसाची सगळ्यात जिव्हाळ्याची प्रकरणं नेमकी या वगळलेल्या यादीत बसतात, हे मला खटकतं. पण कायदा तसा आहे.

आता निर्णयाकडं येऊ. नोटिसा बजावल्या, म्हणणी आली. पुढची पायरी स्थळपाहणी. ती तहसीलदार स्वतः करू शकतात, पण एका तहसीलदाराकडे दंडाधिकारी म्हणून कामं, निवडणूक, टंचाई, पंचनामे, वाळूच्या धाडी असं सगळं असतं. म्हणून बहुतेक वेळा मंडळ अधिकारी जातात आणि अहवाल देतात. आपल्या प्रकरणात ते जुलैत गेले. शिवारात सोयाबीन गुडघ्याएवढं होतं. अहवालात लिहून आलं, "गट 110 चे पूर्व बांधालगत वहिवाटीच्या खुणा दिसून येत नाहीत."

वाक्य खोटं नव्हतं. उभ्या पिकात बैलगाडीच्या चाकोऱ्या दिसणार कशा? एप्रिलमध्ये, रान मोकळं असताना कुणी गेलं असतं तर कदाचित वेगळं दिसलं असतं. आणि 143 मध्ये जुनी वहिवाट हा मुख्य प्रश्नच नाही. शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला वाजवी मार्ग हवा, ही गरज कायदा पाहायला सांगतो. दुसरा रस्ता उपलब्ध आहे का, जवळचा बांध कोणता, कुणाचं कमीत कमी नुकसान होईल, हे अहवालात यायला हवं होतं. त्यातलं एकही नव्हतं. कच्चा नकाशाही नव्हता.

पोराला इथं उमगलं की निर्णयाची सही वर होते, पण निर्णय बराचसा खालीच घडलेला असतो. तहसीलदारांपुढं सुनावणीत वीस-पंचवीस प्रकरणं असतात. ते शेत पाहत नाहीत, शेताबद्दलचा कागद पाहतात. पंचनाम्यात जे आलं नाही ते त्यांच्या लेखी जवळपास नसतंच. आणि पंचनामा अपुरा आहे हे त्यांच्या लक्षात आणून द्यायचं काम टिपणी लिहिणाऱ्या कारकुनाचं. त्यानं "अहवाल प्राप्त, आदेशार्थ सादर" एवढंच लिहिलं असतं, तर अर्ज फेटाळला गेला असता आणि कुणाला चूकही दिसली नसती. त्यानं लिहिलं, "अहवालात पर्यायी मार्ग व कच्चा नकाशा यांचा उल्लेख नाही. फेरपाहणी आवश्यक वाटते."

टिपणी परत आली. समासात साहेबांच्या अक्षरात एकच शब्द होता: चर्चा.

हा शब्द सरकारी कामकाजातला मोठा सापळा आहे. होकार नाही, नकार नाही. ज्यानं जाऊन चर्चा करायची तो घाबरतो, ज्यानं बोलावलं तो विसरतो. पोरगा रोज ठरवायचा आणि रोज केबिनबाहेर लोक पाहून परतायचा. तीन आठवडे फाइल त्याच्याच कपाटात पडून राहिली. शेवटी मॅडमनी हाताला धरून नेल्यासारखं त्याला आत नेलं. साहेबांनी नकाशा मागितला, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "मग मीच जातो. गुरुवारी दोन्ही पक्षांना शेतावर बोलाव." बोलणं पाच मिनिटांत आटोपलं.

पैसे आणि फोन या गोष्टी यात नसतात असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पुढाऱ्याच्या फोननं गठ्ठ्यातली फाइल वर येते, पाकिटानं ती खाली जाते, हे घडतं. पण खरी अडचण आणि मुद्दाम केलेली अडवणूक यांतला फरक कागदावर ओळखता येतो. अशा प्रत्येक दाव्यात रोजनामा असतो. कोणत्या तारखेला कोण हजर होतं, काय झालं, पुढची तारीख का दिली, हे त्यात लिहावं लागतं. "वारसांची माहिती अप्राप्त" किंवा "नोटीस बजावणी अहवाल प्रतीक्षेत" असे शेरे असतील, तर फाइल कशावर अडली ते कळतं. तारखांमागून तारखा आणि कारणाची जागा कोरी असेल, किंवा "प्रकरण निकालासाठी बंद" लिहून महिने उलटले असतील, तर शंका घ्यायला जागा आहे.

आपल्या प्रकरणात आदेश झाला. गट 110 आणि 111 च्या सामाईक बांधावरून, दोन्हीकडून निम्मी निम्मी जागा घेऊन रस्ता मिळाला. 2025 मध्ये शासनानं शेतरस्ते शक्यतो तीन ते चार मीटर रुंद द्यावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी असे आदेश काढले आहेत, त्यामुळे अशी नोंद झाली की पुढं जमीन विकली गेली तरी रस्ता कागदावर राहतो. गट 110 च्या मालकानं प्रांताकडे अपील केलं. तो त्याचा हक्कच आहे. नोटिसा नीट बजावलेल्या होत्या, नकाशा जोडलेला होता, त्यामुळे फाइल फेरचौकशीला परत आली नाही.

तुमचा असा अर्ज असेल तर तीन गोष्टी स्वतः करा. अर्ज देण्याआधी शेजारच्या सगळ्या गटांचे सातबारे काढून मयत खातेदारांचे वारस पत्त्यांसह लिहून द्या. स्थळपाहणीच्या दिवशी शेतावर हजर राहा आणि आपलं म्हणणं पंचनाम्यात लिहून घ्यायला लावून मगच सही करा. आणि साहेबांना भेटण्याआधी रोजनाम्याची नक्कल मागा. फाइल कुणाकडे आणि कशासाठी थांबली आहे, ते तिच्यात लिहिलेलं असतं.