मार्चअखेरचे नवे-जुने

पतसंस्थेचा वार्षिक अहवाल हाती आला की सभासद बहुधा लाभांशाचा टक्का पाहतो आणि पान उलटतो. लेखापरीक्षक मात्र आधी मार्चच्या शेवटच्या आठवड्याची रोजकीर्द उघडतो. थकलेले कर्ज ‘नवे-जुने’ करण्याची खरी धावपळ त्याच दिवसांत होते.

समजा, एका सभासदाने 15 टक्के व्याजाने 5 लाखांचे कर्ज घेतले आणि वर्षभर एक रुपयाही भरला नाही. व्याज 75 हजार झाले. 29 मार्चला त्याच्याच नावे 5 लाख 75 हजारांचे नवे कर्ज मंजूर होते आणि त्यातून जुने खाते व्याजासह बंद होते. थकबाकीच्या यादीतून नाव गेले, नफ्यात 75 हजारांची भर पडली. प्रत्यक्षात संस्थेच्या तिजोरीत काहीच आले नाही.

हे पकडायचे कसे? एकाच तारखेला एक खाते बंद, दुसरे सुरू; दोन्ही व्हाउचर फक्त जमा-नावेचे, रोख कुठेच नाही; जामीनदार तेच, तारणाचे नवे मूल्यांकन नाही. एवढे दिसले की परीक्षक कर्ज समितीचे इतिवृत्त मागवतो आणि सभासद नोंदवहीत कर्जदार व जामीनदार खरोखर सभासद आहेत का, हे ताडून पाहतो. मग कर्जदारांना शिल्लक पडताळणीची पत्रे जातात. ‘मी हे कर्ज घेतलेच नाही’ असे उत्तर आले, तर प्रकरण नवे-जुने करण्यापुरते राहत नाही. ती बनावट कर्जाची शक्यता असते.

आता नफ्याकडे वळू. संस्थेने 2 लाख निव्वळ नफा दाखवला आहे. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यानुसार नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो, म्हणजे 50 हजार. न आलेले व्याज वजा केले की नफा सव्वा लाखावर येतो आणि हा हिस्सा 31,250 होतो. बुडीत कर्जासाठीची तरतूद अजून व्हायचीच आहे. तरीही फुगलेल्या आकड्यावर लाभांश वाटला, तर तो ठेवीदारांच्या पैशातून गेलेला असतो. पतसंस्थेतील ठेवींना बँकेसारखे ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही, म्हणून ही गोष्ट फार गंभीर आहे.

सभासदाला दुसऱ्याचे कर्जखाते पाहता येत नाही. पण ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि स्वतःचे व्यवहार तपासण्याचा हक्क त्याला कायद्याने दिला आहे. दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवावेत. थकबाकी घटली, पण कर्जाची येणे बाकी वाढली आणि मंजुऱ्या मार्चमध्येच दाटल्या, तर विचारण्यासारखे बरेच आहे.

लेखापरीक्षण 31 जुलैपर्यंत, वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत. त्या सभेत परीक्षकाचा अहवाल मांडावाच लागतो. ‘अ’ वर्ग मिळाला एवढे सांगून भागत नाही. काढलेल्या दोषांवर समितीने काय केले, हे दोषदुरुस्ती अहवालात येते. मागच्या वर्षीचाच शेरा यंदाही जसाच्या तसा असेल, तर सभासदाने तो मुद्दा क्रमांकासह वाचून दाखवावा आणि आपला प्रश्न व समितीचे उत्तर, दोन्ही इतिवृत्तात नोंदवायला लावावे.