दोघांचंही १.२

सकाळी ६.००
आशाताईंचा फोन आला. काल संध्याकाळी घरोघर वाटलेल्या डब्या भरून यायला लागल्या होत्या. लघवी झोपेतून उठल्याबरोबरची हवी, असं आम्ही मुद्दाम सांगितलं होतं. दिवसभर पाणी पिऊन लघवी पातळ होते आणि त्यात थोडी प्रथिनं असली तरी पट्टीला सापडत नाहीत. रात्रभर साठलेल्या लघवीत ती दिसतात. पहिली धार सोडून मधली धरायची आणि पाळी चालू असेल तर आज डबी आणायची नाही, हेही ताईंनी प्रत्येकीला दोनदा सांगितलं होतं.

सकाळी ७.३०
पट्ट्यांची बाटली पिशवीत टाकण्याआधी तिच्यावरची मुदतीची तारीख पाहिली. झाकण घट्ट आहे ना, तेही पाहिलं. या पट्ट्यांना दमट हवा चालत नाही. बाटली उघडी राहिली की रंगाचे चौकोन आपोआप बदलतात आणि मग धडधाकट माणूसही आजारी दिसतो. एक पट्टी साध्या पाण्यात बुडवून बघितली. प्रथिनांचा चौकोन पिवळाच राहिला, तेव्हा कुठे निघाले.

सकाळी ९.१५
शाळेच्या पडवीत पोचले तेव्हा डब्या उन्हात रांगेत मांडलेल्या होत्या. आधी त्या सावलीत घेतल्या. लघवी तास-दोन तासांहून जास्त उन्हात राहिली की बिघडते आणि पट्टी खोटी हिरवी होते. एका काकूंनी डबी जंतुनाशकाने धुऊन आणली होती. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण त्याचा अंश राहिला तरी चौकोन हिरवा होतो. त्यांना दुसरी कोरडी डबी दिली.

सकाळी १०.००
आज मला किडनीवर बोलायचं होतं. सतरंजीवर पन्नासेक माणसं बसली होती. पुढे म्हाताऱ्या बायका, मागे भिंतीला टेकून पुरुष.

मी पिठाची चाळणी हातात घेऊन सुरुवात केली. किडनीत अशा लाखो बारीक चाळण्या असतात. रक्तातली घाण खाली जाते, प्रथिनं वर राहतात. साखर आणि रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेले राहिले की चाळणीची भोकं मोठी होतात आणि प्रथिनं खाली गळायला लागतात. लघवीची पट्टी ही गळती पकडते. रक्ताची तपासणी दुसरीच गोष्ट सांगते. स्नायूंच्या रोजच्या कामातून क्रिएटिनिन नावाचा कचरा तयार होतो आणि तो किडनी बाहेर टाकते. रक्तात तो साठायला लागला की चाळण्या कमी पडताहेत असं समजायचं.

"मग एकच तपासणी पुरत नाही का?" मागून एका दादांनी विचारलं.

पुरत नाही. बैलजोडीतला एक बैल थकला तरी दुसरा ओढतो आणि गाडी चालत राहते. किडनीचं तसंच आहे. जवळजवळ निम्मी ताकद जाईपर्यंत क्रिएटिनिनचा आकडा रिपोर्टात नीट दिसू शकतो. त्याच्या कितीतरी आधी गळती सुरू झालेली असते. उलट काही जणांत गळती नसते आणि ताकद मात्र उतरलेली असते. म्हणून लघवी आणि रक्त दोन्ही.

कंबर दुखते म्हणजे किडनी गेली का, हा प्रश्न आलाच. मुतखडा दुखतो. सुरुवातीचा किडनीचा आजार दुखत नाही, म्हणून तर पट्टी लागते.

सकाळी ११.१५
पट्टी सेकंदभर बुडवायची, डबीच्या कडेला निथळायची, आडवी धरायची आणि मिनिटभर थांबायचं. पाच मिनिटांनी पाहिलेला रंग धरायचा नाही. मग बाटलीवरच्या रंगांशी उजेडात जुळवायचं. बहुतेक पिवळ्याच राहिल्या.

एका आजींची पट्टी स्पष्ट हिरवी झाली, दोन अधिक. वय पासष्ट, अंगाने काटकुळ्या. दहा वर्षं साखरेची गोळी चालू. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी रोज एक. त्यांनी पिशवीतून गेल्या वर्षीचा रिपोर्ट काढला. क्रिएटिनिन १.१ आणि शेजारी छापील मर्यादा १.३ पर्यंत.

"पोरी, ह्यात तर सगळं बरोबर हाय म्हणाले होते."

त्या रिपोर्टासोबत लघवी तपासलेलीच नव्हती.

लगेच तालमीतला एक पंचवीस वर्षांचा मुलगा आला. त्याचे वडील डायलिसिसवर आहेत, म्हणून तो स्वतःहून आला होता. त्याची पट्टी एक अधिक. पहाटे उठून त्याने तीनशे जोर काढले होते आणि डबी त्यानंतर भरली होती. जोरकस व्यायामानंतर, तापात किंवा लघवीला जळजळ असताना थोडी प्रथिनं तात्पुरती उतरतात. त्याला दोन दिवस तालीम बंद ठेवून परत डबी आणायला सांगितलं. दोघांचंही रक्त घेतलं. यासाठी उपाशीपोटी यावं लागत नाही.

दुपारी ३.००
आरोग्य केंद्रावर परत. गोठलेलं रक्त यंत्रात फिरवून वरचा पिवळसर द्रव वेगळा केला. आजींची लघवी अल्ब्युमिन नेमकं मोजायला तालुक्याला पाठवली. पट्टी फक्त इशारा देते. लघवी घट्ट की पातळ यावर तिचा रंग बदलतो. मोजणीत अल्ब्युमिनची तुलना लघवीतल्या क्रिएटिनिनशी करतात, त्यामुळे तो फरक निघून जातो. दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या खाली ठीक, ३०० च्या वर गळती मोठी.

दुपारी ४.३०
रक्ताचे आकडे आले. आजींचं क्रिएटिनिन १.२. पैलवानाचंही १.२.

आकडा तोच. पण त्याच्या अंगावर स्नायू भरपूर, म्हणून कचराही जास्त तयार होतो. आजींचे स्नायू झिजलेले. इतक्या थोड्या कचऱ्यातही आकडा १.२ वर पोचला, म्हणजे बाहेर टाकण्याचंच काम मंदावलंय. म्हणून क्रिएटिनिनमध्ये वय आणि स्त्री की पुरुष हे घालून ई-जीएफआर काढतात, म्हणजे मिनिटाला किती रक्त गाळलं जातं त्याचा अंदाज. मुलाचा आला ८६. आजींचा ५०. साठच्या खाली तीन महिने राहिला तर तो किडनीचा दीर्घ आजार धरतात. मुलाच्या बाबतीत हा अंदाज चुकू शकतो: भरपूर स्नायूंमुळे त्याचा आकडा प्रत्यक्षाहून थोडा कमीच दिसत असेल.

संध्याकाळी ५.४५
डॉक्टरांनी आजींना बोलावून घेतलं. दुखण्याची गोळी आजपासून बंद, कारण ती किडनीकडे जाणारं रक्त कमी करते. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि शेक. रक्तदाब १५० वर ९० निघाला. गळती कमी करणारी रक्तदाबाची गोळी सुरू करायची, पण दोन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचं, असं ठरलं. आजार आहे असं डॉक्टर आज म्हणाले नाहीत. तीन महिन्यांनी दोन्ही तपासण्या परत करून मग ठरेल.

"म्हंजी मशीनवर नाही ना घालणार?" आजींनी विचारलं.

"नाही आजी. त्याच्या फार आधी सापडलंय हे. आता जपलं तर ५० वर पुष्कळ वर्षं निघतात."

रात्री ८.३०
नोंदवहीत आजींची तीन महिन्यांनंतरची तारीख लाल शाईने लिहिली. आशाताईंनी त्यांच्या वहीतही लिहून घेतली.

तुमच्या घरात कुणाला साखर किंवा रक्तदाब असेल तर त्यांचा जुना रिपोर्ट आज काढून पाहा. क्रिएटिनिनच्या खाली ई-जीएफआर लिहिलेला नसेल तर तो काढून मागा. आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी वर्षभरात झालेली नसेल तर या आठवड्यात, झोपेतून उठल्याबरोबरची डबी घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा.