स्वस्त एसएमपीएस गेला, सोबत मदरबोर्डही का गेला?

कनेरगाव नाक्यासारख्या गावात ऑनलाइन अर्ज, झेरॉक्स आणि प्रिंटची कामे ज्या संगणकावर चालतात, त्याचा एसएमपीएस बंद पडला की बहुतेक जण दुकानातला सर्वात स्वस्त एसएमपीएस बसवून मोकळे होतात. संगणक सुरूही होतो. फरक कळतो तो हा नवा एसएमपीएस बिघडतो त्या दिवशी.

एसएमपीएस २३० व्होल्टची वीज घेतो आणि संगणकाला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतो. हे व्होल्ट स्थिर ठेवण्यासाठी बाहेर किती व्होल्ट जातात याची खबर ऑप्टोकपलर नावाच्या छोट्या भागातून सतत आतल्या सर्किटला मिळत असते. उष्णतेने हा भाग किंवा त्याच्याजवळचा कपॅसिटर खराब झाला, की ही खबर थांबते. सर्किटला वाटते व्होल्ट कमी पडत आहेत, म्हणून ते आणखी जोर लावते आणि १२ चे १६-१७ व्होल्ट होऊ शकतात. हार्डडिस्क आणि मदरबोर्ड जळतात ते अशा वेळी. डिस्कवरचा डेटा परत मिळेलच असे नाही.

ओव्हरव्होल्टेज कटऑफ इथे कामाला येतो. एक वेगळी चिप व्होल्टवर स्वतंत्र नजर ठेवते. इंटेलच्या एटीएक्स मार्गदर्शिकेनुसार १२ व्होल्टच्या लाइनवर १३.४ ते १५.६ दरम्यान पुरवठा तुटायला हवा. तुटल्यावर तो आपोआप सुरू होत नाही; प्लग काढून थोडे थांबावे लागते. खूप स्वस्त युनिटमध्ये खर्च वाचवताना ही नजरच वगळलेली असू शकते.

ओव्हरकरंटची गोष्ट थोडी वेगळी. पूर्ण शॉर्ट झाला तर बहुतेक युनिट बंद पडतात. पण हार्डडिस्कच्या कनेक्टरमध्ये अर्धवट शॉर्ट होऊन १० अँपिअर वाहू लागले, तर युनिटच्या दृष्टीने तो साधा लोड असतो आणि कनेक्टर मात्र वितळतो. मर्यादा खूप वर ठेवलेली असेल तर महागडे युनिटही इथे कमी पडते.

खरेदी करताना डब्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा लेबल वाचा. समोर ४५० वॅट लिहिले आहे आणि १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर, तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅटच. प्रोसेसरला लागणारी वीज प्रामुख्याने याच लाइनवरून येते. '८० प्लस'चा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, कटऑफ आहे का ते नाही. कटऑफ किती व्होल्टला पडतो हे कंपनीने माहितीपत्रकात छापले असेल, तर ते युनिट आधी बघावे.

जुन्या युनिटसाठी मल्टिमीटर पुरतो. संगणक सुरू असताना मोकळ्या कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत. १२.९ दिसले तर संगणक बंद करून युनिट बदलून टाका.

आणि एक गैरसमज. न्यूट्रल तुटून घरात ४०० व्होल्टच्या आसपास वीज आली, तर हे कटऑफ वाचवत नाहीत. ते एसएमपीएसच्या बाहेर जाणाऱ्या विजेवर लक्ष ठेवतात, आत येणाऱ्या नव्हे. त्यासाठी जास्त व्होल्टला पुरवठा तोडणारा स्टॅबिलायझर वेगळा लागतो.