चोविसाव्या दिवशीचा ताप

बत्तीस वर्षांचा तरुण मोटारसायकलवरून पडला आणि डोक्याला मार लागला. फिट येऊ नये म्हणून डॉक्टरांनी फेनिटॉइनच्या १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून तीनदा सुरू केल्या. घरी जातानाच्या कागदावर ‘गोळ्या चालू ठेवा’ एवढेच लिहिले होते, कधीपर्यंत ते नव्हते. चोविसाव्या दिवशी त्याला ताप भरला. दोन दिवसांनी छातीवर आणि पाठीवर गोवरासारखे लाल पुरळ उठले. ‘व्हायरल असेल’ म्हणून पॅरासिटामॉल आणि एक अँटिबायोटिक मिळाले. तिसाव्या दिवशी चेहरा सुजला, मानेत गाठी आल्या, डोळे पिवळे झाले. हा रुग्ण समजावण्यासाठी रचलेला आहे. आजाराचा क्रम मात्र प्रत्यक्षात असाच असतो.

आता घरचे काय म्हणतील? अँटिबायोटिक बाधले! कालपरवा घेतलेल्या गोळीवर संशय जाणे साहजिकच. पण तारखा लावून पाहा. ताप चोविसाव्या दिवशी आला, पुरळ सव्विसाव्या दिवशी, आणि अँटिबायोटिक सत्ताविसाव्या दिवशी. म्हणजे ते पोटात जाण्याआधीच आजार उभा होता. पॅरासिटामॉलही तापावर दिलेले, तापाच्या आधीचे नाही. या दोघांना वगळले की उरते ते तीन आठवडे बिनतक्रार घेतलेले फेनिटॉइन. ‘इतके दिवस चालले, मग आताच का बाधेल?’ हा प्रश्न इथे दिशाभूल करतो. या प्रकारच्या आजाराला सुरू व्हायला साधारण दोन ते आठ आठवडे लागतात.

रक्ताच्या तपासणीने चित्र स्पष्ट झाले. पांढऱ्या पेशी १८,००० आणि त्यांतल्या २० टक्के इओसिनोफिल, म्हणजे ३,६००. एरवी त्या पाचशेच्या आसपास किंवा कमीच असतात. यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारे एसजीपीटी ६०० होते, कमाल मर्यादा ४०; म्हणजे १५ पट. पित्तमार्गाशी निगडित अल्कलाइन फॉस्फटेज १८०, मर्यादा १२०; म्हणजे दीडपट. पंधराला दीडने भागले की येतात दहा. हा भागाकार पाच किंवा जास्त आला तर मार मुख्यतः यकृताच्या पेशींना बसला आहे, दोन किंवा कमी आला तर पित्ताच्या वाटेला, आणि मधला आला तर दोन्हींना. इथे दुखापत पेशींची आहे.

बिलिरुबिन ३.२ होते, नेहमीच्या कमाल मर्यादेच्या दुपटीहून जास्त. हाय झिमरमन या अमेरिकी यकृततज्ज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम इथे लागू होतो. औषधाने पेशींना इजा झाली असेल, एसजीपीटी तिपटीच्या वर असेल आणि पित्तमार्ग अडलेला नसताना बिलिरुबिन दुपटीच्या वर गेले असेल, तर दहातला सुमारे एक रुग्ण दगावतो किंवा त्याला यकृत बदलावे लागते. एसजीपीटी वाढण्याचा अर्थ यकृत दुखावले एवढाच; सोबत कावीळ दिसली तर ते कामही नीट करेनासे झाले आहे. म्हणून नुसत्या एसजीपीटीपेक्षा ही जोडी जास्त भीतीदायक.

त्वचा, यकृत आणि इओसिनोफिल असा तिहेरी फटका बसणाऱ्या या आजाराला डॉक्टर ‘ड्रेस’ म्हणतात. तो होतो कसा? फेनिटॉइन यकृतात मोडले जाताना एक अतिचंचल तुकडा तयार होतो. बहुतेकांच्या शरीरात तो लगेच निकामी केला जातो. काहींच्यात तो टिकतो आणि पेशींतल्या प्रथिनांना चिकटतो. चिकटलेले प्रथिन रोगप्रतिकारशक्तीला परके वाटते आणि टी पेशी त्याच्यावर तुटून पडतात. टी पेशींची ही फौज वाढायला आठवडे लागतात, उशीर होतो तो त्यामुळे. हाणामारी जिथे औषध मोडले जाते तिथे, म्हणजे यकृतात, जास्त होते. शरीरात वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेला एक नागीण-कुळातला विषाणूही या काळात जागा होतो, आणि त्यामुळे आजार रेंगाळतो. पॅरासिटामॉलने यकृत बिघडते ते वेगळ्या कारणाने. तिथे डोस फार झाला की कोणाचेही यकृत बिघडू शकते. फेनिटॉइनचा नेहमीचाच डोस मात्र मोजक्या माणसांना बाधतो.

याच औषधामुळे त्वचेचा दुसरा, अधिक भयंकर आजारही होतो: स्टीव्हन्स-जॉन्सन. त्यात टी पेशी ग्रॅन्युलायसिन नावाचे प्रथिन सोडतात आणि कातडीच्या पेशी मरतात. पुरळ दुखते, फोड येतात, तोंड सोलवटते, डोळे लाल होऊन चिकटतात, कातडी बोटाने घासली तर निघते. कातडीचा दहा टक्क्यांहून कमी भाग सुटला तर ते स्टीव्हन्स-जॉन्सन, तीस टक्क्यांच्या वर गेला तर ‘टेन’. आणि टेनमध्ये तिघांपैकी सुमारे एक रुग्ण वाचत नाही. आपल्या रुग्णाला फोड नव्हते, तोंड स्वच्छ होते. तरी त्याची रोज नव्याने तपासणी झाली, कारण पहिल्या दोन दिवसांत दोन्ही आजार सारखेच दिसू शकतात. कार्बामॅझेपिन, लॅमोट्रिजिन, गाउटवरचे अ‍ॅलोप्युरिनॉल आणि सल्फा औषधेही या यादीत येतात.

मग उपचार? आधी संशयित गोळी बंद. ती पुन्हा देऊन पाहायचा तर विचारही नको. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई आणि डेंग्यूच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, सोनोग्राफीत पित्तमार्ग मोकळा होता. मग स्टेरॉइड सुरू झाले. औषध बंद झाले तरी पहिले काही दिवस प्रकृती खालावूच शकते. ते पाहून स्टेरॉइड फोल गेले असे समजायचे नाही. ताप उतरला म्हणून डोस झटकन कमी केला तर आजार उलटतो, म्हणून तो कित्येक आठवड्यांत हळूहळू उतरवतात. फिटसाठी दुसरी गोळी लागली तर लेव्हेटिरासेटम चालते. कार्बामॅझेपिन आणि फेनोबार्बिटॉन रचनेने फेनिटॉइनच्या जवळचे असल्याने तीही टाळायची. व्हॅल्प्रोएट यकृतावर भार टाकते, म्हणून तेही नको.

संशय किती पक्का, हे ठरवायला १९८१ पासून वापरात असलेली नारांजो प्रश्नावली आहे. या औषधाने असे झाल्याच्या नोंदी आहेत: १ गुण. त्रास औषधानंतर आला: २. बंद केल्यावर उतरला: १. दुसरे कारण सापडले नाही: २. तपासण्यांत दिसले: १. एकूण ७, म्हणजे ‘संभाव्य’. ‘निश्चित’ ठरायला ९ हवेत आणि ते बहुधा औषध पुन्हा दिल्यावरच मिळतात. तेव्हा इथे ७ म्हणजे जवळजवळ कमाल पुरावा.

आणखी एक गोष्ट. डोक्याला मार लागल्यावर फेनिटॉइनचा उपयोग पहिल्या आठवड्यातल्या फिट टाळायला होतो, पुढच्या टळतात असा पुरावा नाही. म्हणून फिट आलेली नसेल तर मार्गदर्शक सूचना साधारण सात दिवसच सांगतात. आठव्या दिवशी कोणी विचारले असते, तर चोविसावा दिवस बहुधा आलाच नसता.

फिटची गोळी अचानक सोडणे धोक्याचे असते, त्यामुळे ताप आणि पुरळ दिसल्यावर डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचे, जाताना गेल्या दोन महिन्यांत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची नावे आणि सुरू केल्याच्या तारखा न्यायच्या. बरे झाल्यावर ‘फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटॉन वर्ज्य’ असे लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवायचे. आईवडील आणि भावंडांनाही सांगायचे, कारण हा धोका अंशतः आनुवंशिक असतो. अशा घटनांची नोंद भारताच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या नि:शुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही करू शकतो.